दुसरा नंबर आणि सातवा नंबर: गाड्यांच्या सर्वेक्षणाचा तक्ता कसा वाचायचा

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला कावेसरला राहतो, ऑफिस ऐरोलीला. बजेट 16 लाख, ऑटोमॅटिकच घ्यायची आहे. दोन एसयूव्ही उरल्या आहेत, त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणतो. गाडीमालकांच्या एका सर्वेक्षणात विश्वासार्हतेत 'अ' दुसरी आहे आणि 'ब' सातवी. समाधानाच्या यादीत मात्र 'ब' वर आणि 'अ' खाली. बाबा म्हणतात सरळ दुसऱ्या नंबरची घे, बायको म्हणते लोक जिच्यावर खूश आहेत ती घे. अहवालाची पानं जोडली आहेत. या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

उत्तर:

पानं पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण पहिल्या पानावरची क्रमवारी हा या अहवालातला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. तुमच्या कामाचं जे काही आहे ते चौथ्या आणि सहाव्या पानावर, बारीक अक्षरात आहे. निकाल आधीच सांगतो. 'अ' ही 'ब'पेक्षा भरवशाची आहे असं या अहवालातून सिद्ध होत नाही. 'ब'चे मालक जास्त समाधानी आहेत असंही होत नाही. अहवालातून एकच गोष्ट हाताला लागते: 'अ'च्या गिअरबॉक्स-क्लचबद्दल पैसे भरण्याआधी चौकशी करायला हवी. तिथपर्यंत कसा पोचलो ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढचा अहवाल तुमचा तुम्हाला वाचता येईल. गाडीमालकांची सर्वेक्षणं हेच माझं काम होतं. आधी बरीच वर्षं प्रश्नावली घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये बसलो, नंतर आलेल्या उत्तरांचं विश्लेषण केलं.

विश्वासार्हतेचा आकडा म्हणजे शंभर गाड्यांमागे मालकांनी सांगितलेल्या तक्रारी. ही मोजणी जे. डी. पॉवर या अमेरिकन संस्थेमुळे जगभर रूढ झाली. आकडा जितका कमी तितकी गाडी चांगली. 'अ'च्या 120 मालकांनी मिळून 110 तक्रारी सांगितल्या, म्हणून शंभरामागे 92. 'ब'च्या 95 मालकांनी 112 तक्रारी सांगितल्या, म्हणून शंभरामागे 118. मधे 26 चा फरक दिसतो आणि तो मोठाही वाटतो.

पण त्याच आठवड्यात त्याच संस्थेने 'अ'च्या दुसऱ्याच 120 मालकांना गाठलं असतं तर? बरोबर 110 तक्रारी आल्या नसत्या. कधी 98 आल्या असत्या, कधी 123. हा आकडा निव्वळ योगायोगाने किती हलू शकतो याचा एक सोपा अंदाज आहे: एकूण तक्रारींचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. 110 चं वर्गमूळ साधारण साडेदहा, दुप्पट 21. म्हणजे 'अ'च्या तक्रारी 89 ते 131 यांमध्ये कुठेही असू शकल्या असत्या, शंभर गाड्यांमागे 74 ते 109. हाच हिशेब 'ब'ला लावला तर शंभरामागे 96 ते 140. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. फरकाचाच हिशेब नीट मांडला तर 26 अधिक-उणे 28 असं उत्तर येतं. म्हणजे 'ब'मध्ये शंभरामागे 54 तक्रारी जास्त असतील, किंवा दोन कमीही असतील. 'अ' बरी असण्याकडे कल आहे, एवढंच म्हणता येईल.

आता क्रमवारी पाहा. दुसऱ्या नंबरपासून सातव्यापर्यंत सहा गाड्या 92 ते 118 या एवढ्याशा जागेत बसल्या आहेत. शेजारशेजारच्या दोन गाड्यांत सरासरी पाचाचा फरक, आणि एकेका गाडीचा आकडा वीसेक अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतो. दहा सारखीच नाणी प्रत्येकी शंभर वेळा उडवली, तरी एका नाण्याला सर्वांत जास्त छापे पडणारच आणि एकाला सर्वांत कमी. त्यांची यादी केली तर पहिला ते दहावा असे नंबरही देता येतील. बाबांना हे नाण्यांचं उदाहरण नक्की सांगा, त्यांना पटेल. नंबर लागला म्हणजे अंतर आहेच असं नसतं. यादीच्या अगदी वरच्या टोकाची गाडी आणि अगदी तळाची गाडी यांत मात्र खरं अंतर असू शकतं. म्हणून मी सर्वेक्षणाचा उपयोग शॉर्टलिस्टमधून एखादी गाडी काढून टाकायला करतो, उरलेल्या दोघींतून एक निवडायला नाही.

वर्गमूळाच्या या हिशेबात आणखी एक अडचण आहे आणि ती फार कमी लोक पाहतात. तक्रारी सगळ्या गाड्यांवर सारख्या शिंपडलेल्या असतात असं तो हिशेब धरून चालतो. चौथ्या पानाच्या तळाशी 'एकही तक्रार नाही' असा एक स्तंभ आहे. 'अ'च्या 55 टक्के मालकांनी एकही तक्रार सांगितलेली नाही. तक्रारी निव्वळ योगायोगाने विखुरल्या असत्या तर हे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास निघायला हवं होतं. म्हणजे 120 पैकी 66 गाड्या स्वच्छ आहेत आणि सगळ्या 110 तक्रारी उरलेल्या 54 गाड्यांवर, प्रत्येकी दोन या हिशेबाने, गोळा झाल्या आहेत. 'ब'चंही तसंच आहे: 46 टक्के गाड्या स्वच्छ, 112 तक्रारी 51 गाड्यांवर. एखादी गाडी बिघडायला लागली की तिच्या मालकाला बारीकसारीक आवाजही ऐकू यायला लागतात आणि तो प्रश्नावलीतल्या चार-चार ओळींवर खुणा करतो. मी स्वतः भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये हे कितीदा पाहिलंय. अशा पाच-सहा वैतागलेल्या मालकांनी एखाद्या गाडीचा नंबर सहज तीन-चार पायऱ्यांनी हलतो. त्यामुळे वर सांगितलेलं अधिक-उणे 28 हे प्रत्यक्षात त्याहून मोठंच धरायचं.

आता सहावं पान. इथे तक्रारींची विभागवार मोजणी आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथून सुरू होतं. अशा मोजणीत बहुतेकदा एक तक्रार म्हणजे एक तक्रार. फोन ब्लूटूथला जोडला जात नाही, ही एक. गाडी भर रस्त्यात गिअर घेत नाही, हीसुद्धा एकच. जे. डी. पॉवरच्या 2015 सालच्या अमेरिकेतल्या टिकाऊपणाच्या अभ्यासात तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांबद्दल सर्वांत जास्त सांगितल्या गेलेल्या तक्रारी ब्लूटूथ जोडणीच्या आणि आवाजी आदेश न समजण्याच्या होत्या. इंजिन किंवा गिअरबॉक्सचा त्यात संबंध नव्हता. तिथलीच कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था इंजिन-गिअरबॉक्ससारख्या गंभीर बिघाडांना जास्त वजन देते, म्हणून या दोन संस्थांच्या याद्या जुळत नाहीत आणि जुळायलाही नकोत. तुमच्या अहवालात वजन दिलेलं नाही.

तेव्हा वजन आपणच देऊ. 'ब'च्या 112 तक्रारींपैकी 41 स्क्रीन, फोन आणि कॅमेऱ्याच्या आहेत. 'अ'च्या 110 पैकी तशा 18. या काढून टाका. 'अ'च्या उरतात 92, म्हणजे शंभर गाड्यांमागे 77. 'ब'च्या उरतात 71, म्हणजे शंभरामागे 75. दुसऱ्या आणि सातव्या नंबरातलं सगळं अंतर स्क्रीनमध्ये होतं. स्क्रीन महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही. रिव्हर्स कॅमेरा ऐन वेळी काळा पडला तर सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये खांबाला घासायला वेळ लागत नाही. पण स्क्रीनचे बरेच दोष सॉफ्टवेअर अपडेटने जातात आणि त्यासाठी गाडी आठवडाभर सर्व्हिस सेंटरला अडकत नाही.

त्याच पानावर गिअरबॉक्स आणि क्लच असा एकत्र विभाग आहे. 'अ'च्या 19 तक्रारी, 'ब'च्या 6. शंभरामागे 16 विरुद्ध 6. आधीचाच हिशेब लावला तर हा फरक योगायोगाच्या पट्ट्याच्या जेमतेम बाहेर पडतो. या अहवालातला माझ्या मते हा एकमेव पाठपुरावा करण्याजोगा धागा. तरी तो धागाच आहे, निकाल नाही. पानावर चौदा विभाग आहेत, आणि चौदा ठिकाणी फरक शोधत बसलं की एखादा निव्वळ योगायोगानेही उठून दिसतो. पुन्हा, मॅन्युअल गाडीची झिजलेली क्लच प्लेट आणि ऑटोमॅटिकचा बिघाड या दोन्ही तक्रारी याच खान्यात पडतात.

इथे तुमचं 'ऑटोमॅटिकच घ्यायची आहे' हे वाक्य महत्त्वाचं ठरतं. गाडीचं नाव एक असलं तरी त्याखाली दोन-तीन वेगळी यंत्रं विकली जातात, आणि सर्वेक्षण त्या सगळ्यांची मोट बांधून एक आकडा देतं. चौथ्या पानावरची विभागणी पाहा. 'अ'च्या 120 मालकांपैकी 84 मॅन्युअलवाले आहेत, ऑटोमॅटिकचे फक्त 36. 'ब'च्या 95 पैकी मॅन्युअलचे 25 आणि ऑटोमॅटिकचे 70. 'अ'च्या मॅन्युअल मालकांनी 55 तक्रारी सांगितल्या, शंभरामागे 65. तिच्या ऑटोमॅटिकच्या 36 मालकांनीही 55 सांगितल्या, शंभरामागे 153. 'ब'च्या ऑटोमॅटिकच्या 70 मालकांच्या 92 तक्रारी, शंभरामागे 131. म्हणजे 'अ'ला दुसरा नंबर मिळवून दिला तो मॅन्युअलवाल्यांनी. जी गाडी तुम्ही घेणार नाही आहात, तिचं ते प्रमाणपत्र आहे.

पण म्हणून 'ऑटोमॅटिकमध्ये ब चांगली' असंही म्हणू नका. 36 गाड्या फार थोड्या झाल्या. 153 चा खरा पट्टा 112 ते 194 असा रुंद आहे, आणि 'ब'चा 104 ते 159. दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांवर येतात. शिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बहुधा वरच्या व्हेरियंटमध्ये मिळतो, त्याबरोबर सनरूफ, मोठी स्क्रीन, चारी बाजूंचे कॅमेरे आणि सेन्सर येतात, त्यामुळे बिघडण्याजोग्या वस्तूच जास्त असतात. दोन्ही गाड्यांच्या ऑटोमॅटिकचा आकडा मॅन्युअलपेक्षा वर आहे तो काही अंशी यामुळेही असणार. पानांवर मालकांची संख्या व्हेरियंटनुसार दिलेली नसती तर हे काहीच कळलं नसतं, आणि कित्येक अहवालांत ती दिलेली नसते. तशा अहवालाचा नंबर मी सरळ सोडून देतो.

वयाचा फरक थोडक्यात. 'अ'च्या मालकांकडे गाडी सरासरी 14 महिने आहे, 'ब'च्या मालकांकडे 27 महिने. दोघांना प्रश्न एकच: गेल्या वर्षभरात काय बिघडलं? 'अ'च्या बऱ्याच गाड्यांनी आपल्याकडचा एकच पावसाळा पाहिलाय, 'ब'च्या गाड्यांनी दोन. विटावा रेल्वे पुलाखालच्या पाण्यातून आणि खड्ड्यांतून दोन पावसाळे गेलेल्या गाडीच्या सस्पेन्शनची तुलना एका पावसाळ्याच्या गाडीशी करणं बरोबर नाही. जर्मनीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो. तिथे नव्या गाडीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते, आणि त्या तपासण्यांच्या निकालांवरून टीयूव्ही या तपासणी करणाऱ्या संस्थेचा अहवाल गाडीच्या वयोगटानुसार निघतो, मालकाला काय वाटतं यावर तो अवलंबून नसतो. आपल्याकडे खाजगी गाडीची फिटनेस तपासणी नोंदणीनंतर 15 वर्षांनी येते, त्यामुळे तसा आकडा तयारच होत नाही. वाहन पोर्टलच्या डॅशबोर्डवर ठाण्याच्या एमएच 04 ला किंवा वाशीच्या एमएच 43 ला कुठल्या कंपनीच्या किती गाड्या नोंदल्या गेल्या ते दिसतं, पण त्यांतल्या किती बिघडल्या हे त्यात नसतं.

आता उत्तरं देणाऱ्या माणसांबद्दल. एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. वागळे इस्टेटमधल्या एका सर्व्हिस सेंटरची वेटिंग रूम, पावसाळ्याचे दिवस, काचेपलीकडे गाड्या धुतल्या जात होत्या. माझ्यासमोर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. स्टिअरिंगमध्ये काही आवाज, कंप? 'नाही.' ब्रेक? 'नाही.' वीस मिनिटांत फॉर्म कोरा भरून झाला. मग चहा पिताना ते सहज म्हणाले, 'मागच्या महिन्यात स्टिअरिंगचा रॅक बदलून दिला यांनी, चार दिवस गाडी इथेच होती.' मी म्हटलं, अहो, मग हे सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, 'ते वॉरंटीत झालं ना, पैसे कुठे लागले?' त्यांच्या लेखी फुकट दुरुस्त झालेली गोष्ट हा बिघाडच नव्हता. त्या दिवसापासून मी 'काही बिघाड झाला का' असं विचारणं सोडलं आणि 'ठरलेल्या सर्व्हिसिंगखेरीज गाडी किती वेळा इथे आणली' असं विचारायला लागलो. प्रश्न बदलल्यावर तक्रारी लगेच वाढल्या. गाड्या त्याच होत्या.

त्याच खोलीत दुसरी गोष्ट घडायची. मालकाशी बोलताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर दोन हातांवर येऊन उभा राहायचा. तुम्हालाही अनुभव असेल, गाडी हातात देताना तो म्हणतो, 'सर, कंपनीतून फोन येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आम्हाला त्रास होतो.' त्या पोराची चूक नाही, त्याचा इन्सेंटिव्ह त्यावर असतो. पण असा मिळालेला दहा गाडीबद्दल काही सांगत नाही. म्हणून कुठल्याही अहवालात पहिलं हे बघायचं की उत्तरं कुठे आणि कोणासमोर घेतली. तुमच्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की निम्मे मालक सर्व्हिस सेंटरमध्ये भेटले आणि निम्म्यांनी लिंकवर फॉर्म भरला. सर्व्हिस सेंटरमध्ये भेटणारे जरा हात राखून बोलतात. लिंकवर स्वतःहून येणाऱ्यांत फार खूश आणि फार चिडलेले जास्त, मधले कमी. शिवाय वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या मेकॅनिककडे वळलेले, आणि वैतागून गाडी विकून मोकळे झालेले, यांतलं कोणीच सर्व्हिस सेंटरमध्ये सापडत नाही. जुन्या गाड्यांच्या सर्वेक्षणात हा दोष फार मोठा. तुमच्या दोन्ही गाड्या अजून वॉरंटीतल्या असल्यामुळे इथे त्याने फारसं बिघडत नाही. दोन्ही गाड्यांसाठी एकच पद्धत वापरली आहे, त्यामुळे आकडे खरे नसले तरी निदान सारखेच वाकडे असतील, एवढं मी मानतो.

समाधानाचं लवकर उरकतो. 'ब' 88 टक्के, 'अ' 81 टक्के. शंभरेक मालकांवरच्या अशा टक्केवारीला सात अंकांची हालचाल सहज असते, आणि दोघींतल्या फरकाला साधारण दहाची. सातचा फरक त्यात बुडून जातो. आणि समाधान म्हणजे गाडी कशी आहे हे नसतं, अपेक्षेच्या मानाने कशी निघाली हे असतं. पहिलीच गाडी घेणारा आणि वरच्या वर्गातल्या गाडीवरून उतरलेला, दोघं एकाच गाडीला वेगळे गुण देतात. सहा-सात महिने वाट पाहून घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी नावं ठेवायला माणसाचं मन होत नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्स 'हीच गाडी पुन्हा घ्याल का' असं विचारते, तो प्रश्न मला अधिक प्रामाणिक वाटतो. तुमच्या अहवालात तो नाही. वहिनींना एवढं सांगा की 'ब'चे मालक तक्रारी जास्त सांगूनही नाराज नाहीत. त्यांच्या जादा तक्रारी स्क्रीनच्या आहेत, या आपल्या हिशेबाशी ते जुळतं.

मग करायचं काय? दोन्ही गाड्या यादीत ठेवा आणि हातात लागलेला धागा, 'अ'चा गिअरबॉक्स, तेवढाच ओढा. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकांनुसार 'अ'चा ऑटोमॅटिक ड्युअल क्लच आहे आणि 'ब'चा टॉर्क कन्व्हर्टर. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलाने सरकताना घासायला काही नसतं. ड्युअल क्लचमध्ये तेच सरकणं क्लच अर्धवट टेकवून होतं. त्यातही क्लच कोरडा असेल तर ती उष्णता बाहेर काढायला तेल नसतं. कापूरबावडी ते माजिवडा संध्याकाळी जशी गाडी सरकते, तशी रोज सरकली तर त्या क्लचला सगळ्यात जास्त त्रास. सर्वेक्षणातले 36 मालक देशभरातले आहेत. त्यांतले किती तुमच्यासारख्या रस्त्यावर रोज चालवतात ते कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराला मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी सातला मागा, घरातली चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा, आणि पाऊण तास घोडबंदर रोडच्या गर्दीतच फिरवा. मानपाड्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर रांगेत अडकाल तेव्हा लक्ष द्या: ब्रेक सोडल्यावर गाडी सरळ पुढे येते की थरथरत येते, पहिला-दुसरा गिअर बदलताना धक्का बसतो का, आणि अर्ध्या तासानंतर तोच धक्का वाढतो का. गिअरबॉक्स तापल्याची सूचना स्क्रीनवर आली तर शोरूमवाल्याचं स्पष्टीकरण ऐकत बसू नका, ती सूचना तुम्हाला रोज दिसणार आहे.

मग सर्व्हिस सेंटरला जा, शोरूमला नाही. ठाण्यात एक आणि तुमच्या ऑफिसजवळ तुर्भे-नेरुळ बाजूला एक, अशी दोन ठिकाणं करा. वर्कशॉपच्या माणसाला 'गिअरबॉक्सचा प्रॉब्लेम येतो का' असं विचारलंत तर तो नाहीच म्हणणार. त्याऐवजी पार्ट्स काउंटरवर विचारा: 'या गाडीचा क्लच पॅक तुमच्याकडे स्टॉकमध्ये असतो का, की मागवावा लागतो?' क्लच पॅक म्हणजे ड्युअल क्लचचा अख्खा संच, एवढी महाग वस्तू कोणी उगीच कपाटात ठेवत नाही. तीन वर्षांच्या आतल्या गाडीचा क्लच पॅक कायम शिल्लक ठेवलेला असेल तर तो लागतो म्हणूनच ठेवलाय. किंमतही विचारून घ्या, मजुरीसकट.

तिसरी गोष्ट वॉरंटीची पुस्तिका. विक्रेता तोंडी काय सांगतो ते नको, पुस्तिकेचं पान बघा. क्लच हा बऱ्याच ठिकाणी झिजणारा भाग म्हणून वॉरंटीतून वगळलेला असतो, आणि ड्युअल क्लचच्या बाबतीत क्लच पॅक त्यात मोडतो की गिअरबॉक्समध्ये, यावर सगळं अवलंबून असतं. एक्स्टेंडेड वॉरंटीचं वेगळं पान असतं, तेही वाचा.

शेवटी तुमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांमध्ये 'अ'चे ऑटोमॅटिकवाले आठ-दहा मालक शोधा. त्यांना गाडी कशी आहे विचारू नका. वर्षभरात ठरलेल्या सर्व्हिसिंगखेरीज किती वेळा गाडी आत गेली, किती दिवस राहिली, जॉब कार्डवर काय लिहिलं होतं, एवढंच विचारा. इथे एक सावधगिरी. दहाच्या दहा जणांनी 'काहीच नाही' म्हटलं तरी खरं प्रमाण शून्य आहे असं होत नाही. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: तीनला माणसांच्या संख्येने भागा. तीन भागिले दहा, म्हणजे प्रत्यक्षात शंभरातल्या तीसेक गाड्यांपर्यंत बिघाड असूनही तुमच्या दहांत एकही न सापडणं शक्य आहे. त्यामुळे या दहा जणांकडून प्रमाण शोधू नका. बिघाड होतो तेव्हा कसा होतो, किती किलोमीटरला होतो आणि सर्व्हिस सेंटर तेव्हा कसं वागतं, एवढं त्यांच्याकडून कळतं, आणि ते कुठल्याच तक्त्यात नसतं.

मी तुमच्या जागी असतो तर 'अ' एकाच अटीवर घेतली असती: चढावरची टेस्ट ड्राइव्ह स्वच्छ निघाली आणि क्लच पॅक किमान पाच वर्षं वॉरंटीत असल्याचं पुस्तिकेत छापलेलं सापडलं तर. यांतलं एक जरी नसेल तर 'ब' बुक करा, आणि डिलिव्हरी घेण्याआधी स्क्रीनचं सॉफ्टवेअर ताजं करून, तुमचा आणि वहिनींचा असे दोन्ही फोन जोडून, रिव्हर्स कॅमेरा पाच-सहा वेळा चालू-बंद करून मगच सही करा.